कूलर-प्रमाणित पिक्चर

विदर्भातली उन्हाळ्याची सुट्टी उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा लांब असते. पुण्या-मुंबईच्या शाळा जूनच्या मध्याला भरतात. आमच्या शाळा जूनचा शेवटचा आठवडा आल्याशिवाय फाटकाचं कुलूप काढत नाहीत. या जास्तीच्या सुट्टीचा पुण्याच्या लोकांना हेवा वाटतो. त्यांनी तो खुशाल करावा. फक्त मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, उमरेडच्या बसस्टँडवर उभं राहून करावा.

पारा 45 च्या घरात गेला की आमच्याकडे पोट्टे सकाळी दहापर्यंत बाहेर असतात आणि संध्याकाळी सहानंतर पुन्हा बाहेर. मधले आठ तास ते घरात असतात आणि घराचं काही खरं नसतं. पहिल्या दोन तासांत कॅरमचा स्ट्रायकर हरवतो, पुढच्या दोन तासांत पत्त्यांवरून हातघाई होते, आणि उरलेले चार तास कोणीतरी कोणाचा तरी मोबाइल मागत असतं. पुण्याहून बहिणीची दोन लेकरं येतात: थोरली भाची बारा वर्षांची, मधला भाचा नऊ वर्षांचा. त्यांत माझी धाकटी, सहा वर्षांची. मोबाइल द्यायचा नाही आणि आठ तास तर काढायचे, म्हणून आठवड्याला एक पिक्चर दाखवायचा आणि त्यांची यादी आधीच करून ठेवायची, असं घरात ठरलं. साहस असावं, प्राणी असावेत आणि थोडं ज्ञानही असावं, अशी तीन कलमं माझ्या बायकोने कागदावर लिहिली आणि कागद सगळ्यांपुढे फिरवला. ही लोकशाही तिला महागात पडली.

बाबांनी 'हाथी मेरे साथी' लिहिला. तो 1971 सालचा. त्यात प्राणी आहेत, बोध आहे आणि राजेश खन्ना आहे, म्हणजे तिन्ही कलमं पूर्ण झाली, असं त्यांचं म्हणणं. आईने कोणताही देवाचा चालेल असं लिहिलं. थोरलीने जो लिहिला तो तिच्या वर्गातल्या सगळ्यांनी पाहिलेला होता आणि त्यावर 'यूए 16+' असा शिक्का होता. हे नवे शिक्के 2024 च्या शेवटी आले. पूर्वी नुसतं 'यूए' असायचं, आता 7, 13 आणि 16 अशी वयं लिहून येतात, त्यामुळे निदान भांडण अंकगणिताने मिटतं. धाकटीने तिला तोंडपाठ असलेला पिक्चर पुन्हा लिहिला. आणि माझ्या भावाने 'शोले' लिहिला.

"शोले काऊन?" मी विचारलं.

"वाघाचा पिक्चर हाय ना तो," भाऊ म्हणाला.

हे उमरेडच्या बाहेर कोणाला पटणार नाही, पण इथे त्याला आधार आहे. आमच्या शेजारच्या उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात जय नावाचा वाघ होता. तो मूळचा नागझिऱ्याचा. तिथे दोघे भाऊ होते आणि त्यांना शोलेवरून जय आणि वीरू अशी नावं पडली. 2013 च्या सुमारास जय चालत चालत इकडे आला आणि आमच्या गावाचं नाव त्याने देशभर नेलं. एवढा धिप्पाड वाघ पाहायला लोक कुठून कुठून यायचे. गळ्यात रेडिओ कॉलर असूनही एप्रिल 2016 नंतर तो कोणाला दिसला नाही. त्यामुळे शोले हा आमचा स्थानिक वन्यजीवपट आहे, हा भावाचा मुद्दा खोडणं कठीण होतं. मी तो वेळेवर खोडला. शोले तीन तास चोवीस मिनिटांचा आहे.

इथे कायदा आडवा आला. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचा सल्ला असा की दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन दाखवूच नये, दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाच्या वर नाही आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलाला दोन तासांच्या आत ठेवावं. मी हे वाचून दाखवलं, आणि तीच माझी पंचाईत झाली, कारण मधल्या भाच्याच्या अंगात वकील आहे. दिवसाला दोन तास म्हणजे आठवड्याला चौदा, असा त्याने लगेच हिशेब मांडला. ज्या दिवशी पिक्चर नाही त्या दिवसाचे दोन तास पुढे जमा करा म्हणाला. थोरली दहाच्या पुढची, म्हणून तिला हा नियम लागूच नाही, असं तिचं निवेदन आलं. धाकटीला हिशेब येत नव्हता, पण आपले तास कोणीतरी घेतंय एवढं समजल्यामुळे ती रडली. आई आतून म्हणाली, "पोट्ट्यायचं जाऊ दे, तुमच्या मोबाइलचे तास कोन मोजते?" त्यावर सभा तहकूब झाली.

मग मी बायकोची तीन कलमं बाजूला ठेवून घराकडे बघत यादी केली. साहस, प्राणी आणि ज्ञान हे पिक्चरच्या बाजूने झालं; घराच्या बाजूने पाहिलं तर उमरेडमध्ये दुपारी पिक्चर दाखवण्यात दोनच अडचणी आहेत. एक कूलर, दुसरी लाइट.

कूलर म्हणजे पुण्यातल्या टेबलावरचं खेळणं नव्हे. आमचा कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर उभा असतो, सकाळ-संध्याकाळ बादल्यांनी पाणी पितो आणि चालू झाला की घरातल्या माणसांना खुणांनी बोलावं लागतं. अशा खोलीत संवादांचा पिक्चर लावला की आवाज वाढवावा लागतो, आवाज वाढला की बाबांची झोप मोडते, आणि बाबांची झोप मोडली की पुन्हा 'हाथी मेरे साथी' निघतो. म्हणून यादीत यायला पहिली परीक्षा ही: कूलर चालू असताना कळेल असा पिक्चर पाहिजे. दुसरी परीक्षा लाइटची. ती दुपारीच जाते. इन्व्हर्टरवर टीव्ही आणि पंखा चालतो, कूलर चालत नाही. लाइट गेली की खोलीत शांतता होते, संवाद अचानक स्वच्छ ऐकू येतात आणि वीस मिनिटांत सगळे घामाने निथळतात. म्हणजे गारवा आणि संवाद यांपैकी एकच मिळणार. हे एकदा मान्य केलं की अर्धी यादी आपोआप होते.

कूलर-परीक्षेत पहिल्या नंबराने पास झाला तो 'द रेड बलून'. फ्रेंच, 1956 सालचा, आल्बेर लामोरिस यांचा. लांबी 34 मिनिटं. पॅरिसमधल्या एका पोराला लाल फुगा सापडतो आणि तो फुगा कुत्र्यासारखा त्याच्या मागे मागे फिरतो, शाळेपर्यंत जातो, बसच्या मागे येतो. पोराचं काम दिग्दर्शकाच्याच मुलाने केलंय. संवाद जवळजवळ नाहीत, आणि गंमत म्हणजे त्याला ऑस्कर मिळालं ते पटकथेचं. मधल्या वकिलाने 34 मिनिटं ऐकून आक्षेप घेतला होता की ही फसवणूक आहे, याला पिक्चर म्हणत नाहीत. पण गल्लीतली दांडगी पोरं गलोलीने त्या फुग्याच्या मागे लागतात तिथे तो पाय वर घेऊन बसला. पिक्चर संपला तेव्हा तीन वाजायला पुष्कळ वेळ होता. मग मी एक पाकीट फुगे काढले. उमरेडच्या उन्हात फुगा अंगणात नेला की फटकन फुटतो, आणि तो का फुटतो यावर तिघांनी संध्याकाळपर्यंत प्रयोग केले. सावलीत ठेवलेला, उन्हात ठेवलेला, पाण्याने अर्धा भरलेला, कूलरपुढे बांधलेला. उन्हात आतली हवा तापून फुगते आणि रबर तेवढंच नरम पडतं, हे कोणी शिकवलं नाही. पाकीट संपेपर्यंत ते त्यांनीच काढलं. लहान पिक्चरचा हा मोठा फायदा आहे. तो मुलांना थकवत नाही, त्यामुळे नंतर त्यांच्यात काही करण्याची ताकद उरते. तीन तासांच्या पिक्चरनंतर पोरगं सोफ्यावरून घरंगळून थेट मोबाइलवर पडतं.

दुसरा पास झालेला 'मार्च ऑफ द पेंग्विन्स', 2005 सालचा, सुमारे ऐंशी मिनिटांचा. त्यात निवेदन आहे, इंग्रजीत, मॉर्गन फ्रीमन यांच्या आवाजात. कूलरपुढे तो आवाज टिकला नाही. म्हणून आईने निवेदन हाती घेतलं. एम्परर जातीच्या पेंग्विनांत मादी अंडं घालते आणि ते नराच्या पायांवर सरकवून समुद्राकडे जेवायला निघून जाते. नर ते अंडं पोटाखालच्या कातडीच्या घडीत धरून दोन महिने उभा राहतो, तोंडात घासही न घालता, अंटार्क्टिकाच्या काळोख्या हिवाळ्यात.

"दोन महिने?" आई म्हणाली. "पाय पायजो बापा हलवू नोको. पहा रे, बाप असा असते."

हे ती टीव्हीकडे पाहून म्हणाली नाही, माझ्याकडे पाहून म्हणाली. मधल्याने तिथेच गणित केलं. त्यांच्याकडे शून्याखाली 40, आपल्याकडे शून्यावर 45, म्हणजे आपल्यात आणि पेंग्विनमध्ये 85 अंशांचा फरक. एवढं शिक्षण मला पुष्कळ वाटलं. या पिक्चरबद्दल एक सांगून ठेवतो: त्यात एक अंडं बर्फावर घरंगळतं आणि थंडीने तडकतं, आणि पुढे पिल्लंही दगावतात. सहा वर्षांच्या मुलाला हे आधी सांगावं. आधी सांगितलं की ते धीराने बघतं; अचानक दिसलं की रात्री आपल्या अंथरुणात येतं.

आता यादीतला मोठा मासा, 'द जंगल बुक'. हा मी थोडा सविस्तर सांगतो, कारण उमरेडच्या पोट्ट्यांसाठी याहून जवळचा पिक्चर नाही आणि हे उमरेडमध्येच कोणी सांगत नाही.

किपलिंगने हे पुस्तक 1894 साली काढलं तेव्हा तो अमेरिकेत व्हर्माँटला राहत होता. मोगलीचं जंगल त्याने सिवनीच्या डोंगरात ठेवलं, म्हणजे नागपूरच्या वर, मध्य प्रदेशात. आणि त्या जंगलातून त्याने जी नदी वाहवली तिचं नाव वैनगंगा. तीच वैनगंगा सिवनीहून वळसे घेत भंडारा जिल्ह्यात उतरते आणि पवनीच्या घाटाला लागून पुढे जाते. आमच्या अभयारण्याच्या नावात मधला शब्द आहे तोच हा पवनी. म्हणजे मोगली ज्या पाण्यात डुंबला ते पाणी आमच्या शेजारून जातं, आणि आमची पोरं मोगलीला अमेरिकन समजतात. 2016 चा जॉन फॅव्हरोचा पिक्चर तर लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओत झाला. मोगली खरा, बाकी सगळं जंगल संगणकातलं. आपल्या सेन्सॉरने मात्र त्याला 'यूए' दिला, कारण त्यातले प्राणी अंगावर येतात. वाघ अंगावर येऊ नये अशी अपेक्षा करणारे लोक करांडल्याला आले नसावेत.

पिक्चर 106 मिनिटांचा. सहा वर्षांची मुलगी एका बैठकीला एवढं बसत नाही, बसली तर तिचा दिवसाचा हिशेब संपतो. म्हणून तो दोन दुपारी दाखवायचा ठरला, आणि कुठे तोडायचा हाच खरा प्रश्न होता. भाऊ म्हणाला, ऐन वाघ झेप घेतो तिथे बंद कर, म्हणजे उद्या न बोलावता येतात. हा टीव्ही मालिकांचा धंदा आहे. पोरांच्या बाबतीत तो केला की रात्रभर घरात बंड होतं आणि थोरली गुपचूप मोबाइलवर पुढचं बघून येते. तोडायचं ते सुखाच्या जागी. मोगली खड्ड्यात पडलेलं हत्तीचं पिल्लू दोरांनी वर काढतो, कळप त्याला घेऊन शांतपणे निघून जातो, ती जागा साधारण अर्ध्यावर येते. तिथे बंद केलं तर मुलं 'झालं?' असं म्हणतात आणि उठतात. ओरडत नाहीत. यापुढे लगेच दुःखाची बातमी आणि माकडांचं अपहरण आहे, त्यामुळे दोन मिनिटंही पुढे जाऊ द्यायचं नाही. आणि टीव्हीवरचं आपोआप पुढचं लागणारं बटण आधीच बंद करून ठेवायचं. ते बटण चालू असलं की पिक्चर संपायच्या आत कोपऱ्यात दुसरा डोकावतो, आणि मग दहा सेकंदांत रिमोट सापडत नाही. रिमोट नेमका तेव्हाच धाकटीच्या मांडीखाली असतो.

पिक्चरच्या सुरुवातीला दुष्काळ पडतो, नदी आटते आणि पाण्यातून एक शिळा वर येते. ती दिसली की जंगलात तह होतो: पाण्यावर कोणी कोणाला मारायचं नाही. किपलिंगने हे त्याच्या दुसऱ्या पुस्तकात, 1895 साली लिहिलं. मी तिथे पॉज केलं आणि विचारलं, आपल्या जंगलात आत्ता काय चाललं असेल? मे महिना, नाले कोरडे. वन खातं बांधलेल्या पाणवठ्यांत टँकरने नाहीतर सौर पंपाने पाणी सोडतं, आणि सगळे प्राणी तिथेच येतात. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरच्या प्राण्यांची नोंद करतात ती याचमुळे. चांदणं लख्ख आणि पाणी मोजक्याच जागी. मात्र तह वगैरे काही नसतो. वाघासाठी पाणवठा म्हणजे हरीण घरपोच येण्याची जागा. मधल्याला हे फार आवडलं. किपलिंगची चूक सापडली म्हणून त्याने वही काढली आणि वरती 'चुका' असं लिहिलं.

ती वही हे आमच्या सुट्टीचं सर्वांत मोठं शिक्षण झालं. पिक्चरनंतर "मग काय शिकलास?" असं विचारलं की पोरगं सावध होतं आणि खरं बोलावं, मोठ्यांचं ऐकावं असं ठरलेलं उत्तर देतं. चुका काढ म्हटलं की तेच पोरगं पुन्हा पुन्हा पुस्तकं उघडतं. तीन दिवसांत वहीत आलं ते असं. माकडांचा राजा लुई किपलिंगच्या गोष्टीत नाहीच, तिथल्या माकडांना राजाच नाही. डिस्नेने 1967 च्या कार्टूनमध्ये तो घातला आणि ओरांगउटान केला. ओरांगउटान भारतात नसतो, म्हणून नव्या पिक्चरमध्ये त्याला जायगँटोपिथेकस नावाचा, केव्हाच नामशेष झालेला राक्षसी वानर केला. म्हणजे एक चूक दुरुस्त करायला लाखो वर्षं मागे जावं लागलं. का अजगर पिक्चरमध्ये मोगलीला खायला येतो, गोष्टीत तो मोगलीचा मित्र आहे आणि त्याला सोडवायला मदत करतो. बल्लू अस्वल पिक्चरमध्ये मधासाठी आळशासारखं पडून असतं. आपलं अस्वल वाळवीची वारुळं उकरतं, मोहाची फुलं आणि बोरं खातं, आणि जंगलात मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बाया वाघापेक्षा त्याला जास्त भितात. हे शेवटचं थोरलीला आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींनी सांगितलं. त्यांनी जंगल बुक पाहिलेला नाही, आणि वहीत सर्वांत जास्त ओळी त्यांच्याच आहेत.

जयचा प्रश्न यातूनच निघाला. नागझिऱ्याहून इथे आला म्हणजे कुठून आला? मी भिंतीवरचा नकाशा काढून जमिनीवर पसरला. नागझिरा वैनगंगेच्या पूर्वेला, उमरेड पश्चिमेला, म्हणजे नदी त्याने पोहून किंवा उन्हाळी पात्रातून ओलांडली असणार. मध्ये पूर्व-पश्चिम जाणारा राष्ट्रीय महामार्ग, रात्रंदिवस ट्रक. मध्ये धानाची शेतं, गावं, कालवे. धाकटीने लाल खडूने रेघ ओढली आणि प्रत्येक गावापाशी जय थांबून काय म्हणाला ते सांगितलं. ते सगळे संवाद शोलेतले नव्हते, हे भावाच्या लक्षात आलं आणि तो नाराज झाला. दुपारचे दोन तास त्या नकाशावर गेले. स्क्रीन शून्य. साहसपट म्हणून मी हा यादीत लिहून टाकला आणि बायकोने मान्य केला.

यानंतर करांडल्याची सफारी करायची मागणी आली. मुलांना नेण्याआधी मी त्यांना पिक्चरमधला आणि गाडीतला फरक सांगितला: खरा वाघ गाडीपाशी येत नाही, गाडीने वाघापाशी जायचं नसतं, आणि चार तासांत हरणाचं शेपूट दिसलं तरी तिकीट वसूल समजायचं. मुलांना हे एकदा सांगून कळलं. मोठ्यांना कळत नाही. 2024 च्या 31 डिसेंबरला इथेच गोठणगावकडच्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या पिल्लांना दोन्ही बाजूंनी अडवून धरलं, त्याचा व्हिडिओ फिरला आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांत लहान मुलं फार नसावीत.

शेवटचा पिक्चर बायकोच्या ज्ञान-कलमातला, 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. परेश मोकाशींचा, 2009 सालचा, दीड तासाच्या आसपास. दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट कसा केला त्याची गोष्ट, आणि ती इतकी हसती आहे की ज्ञान मिळतंय हे मुलांना शेवटपर्यंत कळत नाही. मला स्वतःला यातली एक खरी हकीकत फार जवळची वाटते. 1911 च्या ईस्टरच्या सुमारास फाळके आपल्या थोरल्या मुलाला, भालचंद्रला, गिरगावातल्या तंबूत 'अमेझिंग ॲनिमल्स' नावाचा पट दाखवायला घेऊन गेले. पडद्यावर जिवंत प्राणी हलताना पाहून पोराने घरी येऊन आईला सांगितलं, आणि घरात कोणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी फाळके सगळ्यांना घेऊन गेले, तर सण म्हणून पट बदललेला, प्राण्यांऐवजी ख्रिस्ताचं चरित्र. ते पाहून आपले देव असे पडद्यावर आणायचे हे त्यांच्या मनाने घेतलं. म्हणजे भारतीय सिनेमाची सुरुवात एका बापाने पोराला प्राण्यांचा पिक्चर दाखवला, तिथून होते. आईला देवाचा पाहिजे होता, धाकटीला प्राण्यांचा. फाळक्यांच्या घरी दोन दिवसांत दोन्ही झाले.

पैसे घालणाऱ्यांना पटावं म्हणून फाळक्यांनी आधी वाटाण्याच्या वाढीचा छोटा पट केला. कुंडीत वाटाणा, समोर कॅमेरा, रोज थोडं थोडं चित्रण. हे आम्ही मोबाइलवर केलं. वाटाणा घेतला नाही. ते थंडीचं पीक, मे महिन्यात सडतं. मूग रात्रभर भिजवून काचेच्या ग्लासात ओल्या कापसावर टाकले, दुसऱ्या दिवशी मोड आले. ग्लास खिडकीत एका विटेवर, मोबाइल समोर दुसऱ्या विटेवर, जागा खडूने आखलेली. सकाळी सहा ते रात्री नऊ, तासाला एक फोटो, म्हणजे दिवसाचे सोळा. सेकंदाला आठ फोटो पळवले की एका दिवसाची दोन सेकंदं होतात. पाच दिवस, ऐंशी फोटो, आणि हाती दहा सेकंदांचा पिक्चर. मधला भाचा हा हिशेब करून बराच वेळ गप्प बसला. फाळक्यांनी अख्खा पिक्चर काढला याबद्दलचा आदर मला त्याच्या तोंडावर दिसला.

यात बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. कोणी ग्लास पुसून परत ठेवला की पडद्यावर मूग उडी मारतो. संध्याकाळी दिवा लावला की चित्र पिवळं होतं, म्हणून दिवसा पडदा ओढून दिवा सतत एकच ठेवावा. कूलरसमोर ठेवलं की कोंब एका बाजूला झुकतात आणि कापूस दुपारपर्यंत वाळतो. दुसऱ्या दिवशी आईने ग्लासातले मूग उसळीत टाकले, त्यामुळे चित्रीकरण पहिल्यापासून करावं लागलं. निर्मात्याचं नुकसान झालं, पण उसळ चांगली झाली.

'शोले' राहिलाच. भावाने आता तो दिवाळीच्या सुट्टीत लावायचा अर्ज दिलाय, चार दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी, आणि कुठे तोडायचा याचा आराखडाही जोडलाय. दिवाळीत कूलर बंद असतो, तेव्हा अर्ज विचाराधीन आहे.

तुमच्याकडे यंदा 'जंगल बुक' लागणार असेल, आणि तुम्ही उमरेड, भिवापूर, कुही, पवनी यांपैकी कुठले असाल, तर एक करा. पिक्चर लावण्याच्या आदल्या संध्याकाळी पोट्ट्यांना घेऊन पवनीला जा, घाटावर उभे राहा आणि ही मोगलीची नदी आहे हे त्यांना सांगा. त्यांचा विश्वास बसणार नाही. फाळक्यांच्या घरीही बसला नव्हता.